वैतागाच्या वेष्टनातली बढाई

जूनमधली एक सकाळ. नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका काकांचा संदेश येतो: 'काय सांगू तुम्हाला, मुलीला आयआयटी मुंबई आणि बंगळूरचं आयआयएस्सी, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय. कुठे घालावं काही कळत नाही. आम्हा दोघांना चार दिवस झोप नाही. असा प्रसंग वैऱ्यावरही येऊ नये!' संदेश काल्पनिक आहे, पण असा एखादा वाचला नाही, असा ग्रुप सापडणं अवघड.

खाली अभिनंदनाचे दहा-बारा संदेश येतात, हात जोडलेले आणि टाळ्या वाजवणारे. वरवर सगळं गोड आहे. पण स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभी असलेली कुणी मावशी 'हं' एवढंच म्हणते आणि फोन खाली ठेवते. तिला भाचीच्या यशाचं वाईट वाटलेलं नाही. मुलगी हुशार आहे, तिने दोन वर्षं जीव तोडून अभ्यास केलाय, हे मावशीलाही माहीत आहे. तिला खुपतं ते दुसरंच काहीतरी, आणि नेमकं काय हे तिला पटकन सांगताही येत नाही.

त्या खुपण्याला इंग्रजीत एक नाव मिळालं आणि ते नाव जगभर पसरलं: हंबलब्रॅग. म्हणजे नम्रतेच्या किंवा तक्रारीच्या आडून मारलेली बढाई. हा शब्द लोकांच्या तोंडी बसवला तो हॅरिस विटल्स या अमेरिकन विनोदी लेखकाने. 'पार्क्स अँड रिक्रिएशन' या गाजलेल्या मालिकेच्या लेखकांपैकी तो एक. 2010 मध्ये त्याने ट्विटरवर याच नावाचं एक खातं उघडलं. नामवंतांनी स्वतःबद्दल लिहिलेली अशी वाक्यं शोधून ती जशीच्या तशी तिथे पुन्हा मांडायची, एवढंच त्याचं काम. 2012 मध्ये त्याचं पुस्तकही आलं. 2015 मध्ये विटल्स गेला, पण त्याने लोकप्रिय केलेला शब्द इंग्रजी शब्दकोशांत स्थिरावला.

नाव मिळालं तरी एक प्रश्न उरतोच. असं लिहिणाऱ्याला त्याचा फायदा होतो की तोटा? सरळ बढाई मारण्यापेक्षा ही आडवळणाची वाट बरी, असं बहुतेकांना वाटतं. ते खरं आहे का, हे ओव्हुल सेझर, फ्रान्चेस्का जिनो आणि मायकेल नॉर्टन या तिघा संशोधकांनी तपासून पाहिलं. त्यांचा शोधनिबंध 2018 मध्ये 'जर्नल ऑफ पर्सनॅलिटी अँड सोशल सायकॉलॉजी' या नियतकालिकात आला. त्यात एकूण नऊ अभ्यास होते.

त्यांनी आधी या बढाईच्या दोन जाती वेगळ्या केल्या. पहिली तक्रारीची: 'कंटाळा आला', 'वैताग आला', 'जीव मेटाकुटीला आला' असं म्हणत म्हणत भाग्य सांगायचं. काकांचा संदेश या जातीचा. दुसरी नम्रतेची: 'माझ्यासारख्या सामान्य माणसाला का निवडलं कुणास ठाऊक' अशी. मराठीत या दुसऱ्या जातीचा एक खास नमुना सभा-संमेलनांच्या आणि मंडळांच्या जगात सापडतो: 'मी नको नको म्हणत होतो, पण मंडळींनी अध्यक्षपद गळ्यातच घातलं.' या दोन जातींपैकी तक्रारीची जात जास्त प्रमाणात आढळते, असं त्या अभ्यासांत दिसलं. आणि तीच लोकांना जास्त नकोशी वाटते, हेही दिसलं.

हे मोजलं कसं, ते एका साध्या प्रयोगातून समजतं. त्यात तीन वाक्यं होती. पहिलं सरळ बढाईचं: 'लोक मला मॉडेल समजतात.' दुसरं सरळ तक्रारीचं: 'मला फार कंटाळा आलाय.' तिसरं दोन्ही एकत्र करणारं: 'लोक मला मॉडेल समजतात, याचा मला फार कंटाळा आलाय.' वाचणाऱ्यांना विचारलं, हे लिहिणारी व्यक्ती तुम्हाला किती आवडली? ती किती मनापासून बोलतेय असं वाटलं? नुसती बढाई मारणारा माणूस तिसऱ्या वाक्यातल्या माणसापेक्षा जास्त आवडला. नुसती तक्रार करणाराही जास्त आवडला. दोन्ही एकत्र करणारा सगळ्यात मागे पडला.

हा निकाल थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. बढाई लोकांना आवडत नाही, हे आपल्याकडे कुणाला नव्याने सांगायला नको. समर्थ रामदासांनी दासबोधातल्या मूर्खलक्षणांत स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला जागा दिली आहेच. मग बढाईवर तक्रारीचं किंवा नम्रतेचं पांघरूण घातलं तर ती मवाळ व्हायला हवी. पण तसं होत नाही. वाचणाऱ्याला पांघरुणाखालची बढाई दिसतेच, आणि पांघरूण घातलंय हेही दिसतं. सरळ बढाई मारणाऱ्यावर एकच आरोप येतो: हा स्वतःची टिमकी वाजवतोय. आडवळणाने मारणाऱ्यावर दोन येतात: हा टिमकी वाजवतोय, आणि वाजवत नसल्याचं दाखवतोय. या दुसऱ्या आरोपानेच पारडं फिरतं. संशोधकांच्या आकड्यांतही हेच उतरलं. माणूस किती आवडला, हे मुख्यतः तो किती खरा वाटला यावरून ठरत होतं.

मावशीला खुपलं होतं ते हेच. काकांनी तिच्याकडे एकाच वेळी दोन गोष्टी मागितल्या, कौतुक आणि सहानुभूती. आणि दोन्ही मागत नसल्यासारखं दाखवून मागितल्या.

नावड मनातच राहिली असती तर फारसं बिघडलं नसतं. पण ती वागण्यातही उतरते का, हे पाहायला याच निबंधात एक मैदानी प्रयोग आहे. संशोधकांच्या मदतनीस तरुणी विद्यापीठाच्या परिसरात विद्यार्थ्यांना गाठून एका निवेदनावर सही मागत. गप्पांच्या ओघात सुट्टीतल्या बेतांचा विषय निघे. काही विद्यार्थ्यांना ती मोकळेपणाने सांगे, की मनासारखी इंटर्नशिप मिळालीय आणि पॅरिसला जायला पैसेही मिळालेत. बाकीच्यांना ती हेच सांगे, पण उसासा टाकून, की आता यातलं कुठलं निवडू हे ठरवणं किती अवघड झालंय. मग सही मागायची. मोकळेपणाने सांगितलं तेव्हा शंभरातल्या सुमारे 86 जणांनी सही केली. उसासा टाकून सांगितलं तेव्हा सुमारे 65 जणांनी. मुलगी तीच, यश तेच, निवेदनही तेच. एका उसाशाने वीस-एक सह्या गेल्या.

काकांचा संदेश या प्रयोगाचाच मराठी जुळा भाऊ आहे. तिथेही दोन चांगल्या गोष्टी आहेत, आणि त्यातली एक निवडण्याचं 'संकट' आहे. म्हणून आडवळणाची बढाई ओळखायची कशी, हे त्याच्यावरच करून पाहता येईल.

पहिली पायरी, वाक्याचे दोन तुकडे करणं. एका तुकड्यात तक्रार: 'आम्हा दोघांना चार दिवस झोप नाही.' दुसऱ्यात माहिती: 'मुलीला आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सी, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय.' आता स्वतःला विचारायचं, यातला एकच तुकडा पाठवायची मुभा असती, तर काकांनी कुठला पाठवला असता? झोप न लागल्याचा तुकडा एकटा पाठवण्यात त्यांना काही गोडी वाटली नसती. दुसरा तुकडा त्यांनी नक्की पाठवला असता. म्हणजे संदेशाचा खरा भार कुठे आहे, ते कळलं.

दुसरी पायरी, तपशील कुठल्या बाजूला आहेत ते पाहणं. खरी तक्रार करणारा माणूस तक्रारीचे तपशील देतो. ज्याच्या घरात गळती आहे, तो कुठल्या भिंतीला ओल आली, किती दिवस झाले, प्लंबर काय म्हणाला, ते सांगतो. काकांच्या संदेशात मात्र संस्थांची नावं पूर्ण आहेत आणि अडचण मोघम आहे. मुलीला कुठली शाखा मिळतेय? तिला संशोधनाची ओढ आहे की नोकरीची घाई? घरापासून लांब राहायची तिची तयारी आहे का? दोन संस्थांमध्ये निवड करताना माणसाला झोप उडवणारे प्रश्न हेच असतात, आणि यातला एकही संदेशात नाही. परदेशी विमानतळावर 'सहा तास अडकून पडलोय' असं लिहून विमान कंपनीचा आलिशान प्रतीक्षाकक्ष फोटोत नीट दिसेल अशी काळजी घेणारा संदेशही याच पायरीवर उघडा पडतो.

तिसरी पायरी, अपेक्षित उत्तर कुठलं ते ताडून पाहणं. समजा कुणी साध्या मनाने उत्तर दिलं, 'अरेरे, फारच वाईट परिस्थिती आहे तुमची, काळजी घ्या.' हे उत्तर वाचून काकांचं समाधान होईल का? तक्रार खरी असती तर झालं असतं. पण इथे ते उत्तर विचित्र वाटतं, कारण संदेशाला 'वा! अभिनंदन!' हेच उत्तर हवंय. जे म्हटलंय त्याला दिलेलं उत्तर चुकीचं ठरतं आणि जे म्हटलेलं नाही त्याला दिलेलं बरोबर, तेव्हा म्हणणं आणि मागणं यांत अंतर आहे हे नक्की.

नुसते शब्द पाहून निकाल द्यायला गेलं, तर मात्र चूक होते. 'काय करणार', 'उगाच', 'कसं कुणास ठाऊक', 'अजून विश्वासच बसत नाही' हे शब्द अशा संदेशांत वारंवार येतात, हे खरं. पण 'विश्वासच बसत नाही' असं लिहिणारी मुलगी घराण्यातली पहिली पदवीधर असू शकते, आणि तेव्हा तिचा विश्वास खरोखरच बसलेला नसतो. तिच्या वाक्याचे दोन तुकडे केले, तर दोन्ही तुकडे स्वतःच्या पायावर उभे राहतात: पदवी मिळाली, आणि ती मिळेल असं वाटलं नव्हतं. तिथे काहीही काशाच्याही आड लपलेलं नाही.

मराठीच्या ठेवणीमुळेही काही वाक्यं उगाचच संशयात सापडतात. 'मी पुरस्कार मिळवला' असं मराठी माणूस सहसा म्हणत नाही, 'मला पुरस्कार मिळाला' म्हणतो. यश जणू बाहेरून चालत आलं, अशी ही रचना नम्रतेचा आव वाटू शकते, पण ती भाषेची नेहमीची चाल आहे. भूक लागते, ताप येतो, नोकरी लागते, तसाच पुरस्कार मिळतो. 'आपल्या आशीर्वादाने', 'माझा आपला खारीचा वाटा', 'फूल ना फुलाची पाकळी' हे शब्दप्रयोगही तसेच. ऐकणाऱ्याला ते रिवाज म्हणून कळतात. दारात आलेल्याला 'या, बसा' म्हणावं तितके ते सहज आहेत, आणि त्यात कुणी फसवणूक शोधत नाही. वर सांगितलेले प्रयोग अमेरिकेतले आहेत. त्यांचे आकडे इथल्या बोलण्याला जसेच्या तसे लावता येणार नाहीत, याचं एक कारण असे रिवाज आहेत. आशीर्वादाचा उल्लेख खटकत नाही. तो खटकायला लागतो, तो त्याच्या मागोमाग 'खरं तर मला प्रसिद्धीची मुळीच आवड नाही' असं म्हणत सात फोटो येतात तेव्हा.

हा मोह ज्या एका जागी जवळपास प्रत्येकाला होतो, ती म्हणजे नोकरीची मुलाखत. 'तुमचा सगळ्यात मोठा दोष सांगा' हा प्रश्न ठरलेला आहे. सेझर आणि सहकाऱ्यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना याच प्रश्नाचं उत्तर लिहायला लावलं. तीन चतुर्थांशांहून अधिक जणांनी गुणच दोष म्हणून लिहिला: मी फार परिपूर्णतेच्या मागे लागतो, मी फार काम करतो, मी लोकांशी फार चांगलं वागतो. आपल्याकडेही 'मला कुणाला नाही म्हणता येत नाही' आणि 'मी कामात फार चिकित्सक आहे' ही उत्तरं पाठ करून गेलेले उमेदवार पुष्कळ. ती उत्तरं वाचून 'याला नोकरीवर घ्याल का?' असं परीक्षकांना विचारलं, तेव्हा खराखुरा दोष लिहिणाऱ्यांकडे त्यांचा कल जास्त होता. 'मला नीटनेटकेपणा नेहमी जमत नाही' असं लिहिणाऱ्याकडे निदान उत्तर तरी होतं. बाकीच्यांनी प्रश्न टोलवला होता, आणि तो टोलवलेला परीक्षकांना कळत होता.

इतकं सगळं उलटत असताना शहाणीसुरती माणसं हे करतात कशाला? कारण आतून पाहिलं तर ही युक्ती फार वाजवी दिसते. संशोधनात आढळलं की समोरच्यावर छाप पाडायची आहे आणि त्याची सहानुभूतीही हवी आहे, अशा वेळी माणूस हटकून ही वाट धरतो. त्याचा हिशेब बेरजेचा असतो. बढाईने छाप पडेल, तक्रारीने माया मिळेल, दोन्ही पदरात पडेल. प्रत्यक्षात दोन्ही हातचं जातं.

या चुकलेल्या हिशेबामागे आणखी एक गोष्ट आहे. आयरीन स्कोपेलिटी, जॉर्ज लोएवेन्स्टाइन आणि योआखिम व्होसगेराऊ यांनी 2015 मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स'मध्ये छापलेल्या अभ्यासात ती स्पष्ट दिसते. स्वतःच्या यशाबद्दल सांगणाऱ्याला वाटतं, ऐकणाऱ्याला आपल्याबद्दल आनंद आणि अभिमान वाटत असेल. हा अंदाज नेहमी खऱ्यापेक्षा मोठा निघतो. ऐकणाऱ्याला किती वैताग येत असेल, हा अंदाज मात्र नेहमी लहान निघतो. सांगणारा स्वतः आनंदात असतो, त्यामुळे समोरचाही तितकाच आनंदात असेल असं तो धरून चालतो. लिहिलेल्या संदेशात हे अंतर आणखी वाढतं, कारण मावशीचा 'हं' काकांपर्यंत पोचतच नाही.

म्हणूनच अशा संदेशावर लोकांना खरंच काय वाटलं, हे 'लाइक'च्या संख्येवरून ताडता येत नाही. नात्यातल्या किंवा कार्यालयातल्या माणसाच्या संदेशावर अंगठा उमटवणं ही रीत आहे, लग्नाच्या आहेरासारखी. तो दिला म्हणून मन खूश आहे असं होत नाही. त्यापेक्षा उत्तरांतले शब्द जास्त बोलतात. मनापासून आनंद झालेला माणूस काहीतरी स्वतःचं घालतो: 'लहानपणी गच्चीवर बसून तारे मोजायची, आठवतंय ना!' किंवा निदान मुलीचं नाव घेतो. ज्याने कर्तव्य उरकलंय, तो तयार चिन्ह टाकून पुढे जातो. काकांच्या संदेशाखाली दहा-बारा उत्तरं आली, पण 'झोप लागत नाही' या वाक्याला एकानेही हात घातला नाही. मुलीला कुठे पाठवावं यावरही कुणी मत दिलं नाही. तक्रार कुणीच तक्रार म्हणून घेतली नव्हती.

आणखी एक खूण म्हणजे गप्प बसलेली माणसं. त्याच ग्रुपवर एक घर असं असू शकतं, जिथला मुलगा यंदा दुसऱ्यांदा परीक्षेला बसला होता आणि त्याला कुठेच प्रवेश मिळालेला नाही. त्या घराला सरळ आनंदाची बातमी पचवता येते. थोडं दुखलं तरी अभिनंदन करता येतं. पण दोन उत्तम संस्थांमधली निवड 'वैऱ्यावरही येऊ नये' असं संकट म्हणून वाचावी लागते, तेव्हा त्या घराचं खरं संकट त्या वाक्याने अगदी छोटं करून टाकलेलं असतं. तक्रारीच्या वेष्टनातली बढाई नम्रतेच्या वेष्टनातल्या बढाईपेक्षा जास्त का बोचते, याचं एक उत्तर इथे सापडतं. नम्रतेच्या बढाईत बोलणारा निदान स्वतःला खाली ठेवायचा प्रयत्न तरी करतो. तक्रारीच्या बढाईत तो आपलं सुख दुसऱ्याच्या दुःखाच्या रांगेत आणून उभं करतो.

मग माणसाने यश सांगूच नये का? असाही निष्कर्ष काढता येत नाही. ॲनाबेल रॉबर्ट्स, एमा लेव्हाइन आणि ओव्हुल सेझर यांनी 2021 मध्ये नेमका हाच प्रश्न तपासला. जवळच्या माणसाने आपलं यश लपवलं आणि ते नंतर कळलं, तर लोक दुखावतात. आपल्याला हेवा वाटेल, आपल्याला झेपणार नाही, असं त्याने आपल्याबद्दल गृहीत धरलं, हे त्यांना लागतं. काकांनी बातमी दडवली असती आणि मावशीला ती शेजारणीकडून कळली असती, तर तिचा 'हं' बराच मोठा झाला असता. सांगण्याबद्दल कुणाचीच हरकत नसते.

सांगण्याच्या दोन वाटा बऱ्या ठरतात. एक, दुसऱ्याने सांगणं. आजीने ग्रुपवर 'माझ्या नातीने नाव काढलं' असं लिहिलं, तर त्या अभिमानावर कुणी बोट ठेवत नाही. मात्र काकांनीच आजीला लिहायला लावलंय असं दिसलं, की ही वाटही बंद होते. दुसरी वाट, आनंद आणि अडचण वेगवेगळी ठेवणं, आणि दोन्ही खऱ्या असतील तरच सांगणं. काकांना अडचण खरोखरच होती, असं धरू. चार दिवस घरात त्यावरच बोलणं चाललं होतं. मग संदेश असा लिहिता आला असता:

'मुलीला आयआयटी मुंबई आणि आयआयएस्सी, दोन्हीकडे प्रवेश मिळतोय. आम्हाला फार आनंद झालाय. तिला भौतिकशास्त्र आवडतं, पण पुढे संशोधनच करायचं का, हे तिचं अजून ठरलेलं नाही. आपल्यापैकी कुणाची मुलं या वाटेने गेली असतील, तर तिला त्यांच्याशी बोलायचंय. गुरुवारपर्यंत कळवायचंय.'

यात बढाई जराही कमी झालेली नाही. दोन्ही नावं तशीच आहेत आणि आनंदही उघड आहे. पण तीन पायऱ्यांवर पाहिलं तर काहीच सापडत नाही. दोन्ही तुकडे आपापल्या जागी खरे आहेत. अडचणीचे तपशील अडचणीच्या बाजूला आहेत. आणि जे उत्तर मागितलंय, तेच हवं आहे. असा संदेश वाचणाऱ्या मावशीला करण्यासारखं काहीतरी मिळतं. तिच्या मैत्रिणीचा मुलगा बंगळूरला शिकून आलेला असतो. त्याचा नंबर ती शोधायला लागते.